चहाच्या डब्यावरची लकेर

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला आम्ही चहाचा डबा घेऊन आलो, म्हणून काही जणांना गंमत वाटली असेल. पण ज्ञानमीमांसेची पुस्तकं उघडली तरी आत काय सापडतं? दोरी, साप, शिंपी, चांदी, घट, पट. आपल्या पूर्वसूरींनी हाताशी होतं ते उदाहरणाला घेतलं. आमच्या हाताशी हा डबा आहे.

डबा साधाच आहे, खुला चहा ठेवायचा. गोल, दहा सेंटीमीटर व्यासाचा, पंधरा सेंटीमीटर उंच. अर्धा किलो पावडर जेमतेम मावते. बाहेरून गर्द निळी छपाई, त्यात सोनेरी वेलबुट्टी, आतून उघडा पांढुरका पत्रा. वरून बसणारं झाकण आणि झाकणाच्या खालच्या काठाला गोल वळवलेली कड. खिडकीजवळ ठेवला की त्याच्या अंगावर उभी, मऊशी चमकेची लकेर दिसते. आजचा विषय ती लकेर. ती कुठे असते, ती आपल्याला काय सांगते आणि ती धूसर झाली तर दोष नक्की कोणाचा, एवढे तीनच प्रश्न.

हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात निघाला. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आलं की डब्याची लकेर पूर्वीसारखी राहिली नाही. कडा पसरल्या होत्या, निळ्यावर धुकं आल्यासारखं दिसत होतं. आम्ही निष्कर्ष काढून मोकळे झालो, की डबा कोणीतरी तारेच्या घासणीने घासला आणि वरचं वार्निश गेलं. आता घरात भांडी कोण बघतं, ते सांगायला नको. सौभाग्यवतींना आम्ही बोललो, आणि एकदा नाही, चार-पाचदा बोललो. त्या म्हणाल्या, "अहो, डब्याला काही झालेलं नाही. तुमचे डोळे एकदा दाखवून घ्या." आम्ही ते मनावर घेतलं नाही. चाळीस वर्षं प्रत्यक्षप्रमाण शिकवलेला माणूस! या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ. आधी डबा कसा तयार होतो ते पाहू, कारण लकेर समजायची तर पृष्ठभाग समजला पाहिजे.

आपण 'टिनचा डबा' म्हणतो, पण त्यात टिन म्हणजे कथील नावापुरतंच असतं. आतला पत्रा पोलादाचा, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना कथिलाचा मुलामा. पितळी भांड्यांना कल्हई करणारे आपल्या गल्लीतून फिरायचे ते आठवा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचं. डब्याच्या पत्र्यालाही कल्हईच असते, फक्त ती कारखान्यात विजेच्या साहाय्याने चढवतात आणि फार पातळ, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आपल्या देशात असा पत्रा करण्यासाठी जमशेदपूरजवळ गोलमुरीला कारखाना काढणारी कंपनी 1920 साली स्थापन झाली. कथिलाचं काम पोलादाला गंजापासून वाचवण्याचं. ओरखडा खोल गेला आणि कथील फाटलं, की तिथून गंज सुरू होतो.

आता एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. डबा करून मग त्यावर छापत नाहीत. आधी सपाट पत्र्यावर छापतात आणि मग त्याचा डबा करतात. गोल वस्तूवर छापणं कठीण, सपाटावर सोपं. शिवाय कडक पत्र्यावर कडक दगडी ठसा नीट टेकत नाही. म्हणून लंडनच्या रॉबर्ट बार्कले यांनी 1875 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत शाई आधी एका मऊ आवरणाच्या रुळावर आणि रुळावरून पत्र्यावर उतरवली जायची. आज कागदाच्या छपाईत ज्याला आपण ऑफसेट म्हणतो, ते असं आधी पत्र्यावर आलं आणि कागदावर नंतर गेलं. पत्र्यावर प्रथम पांढऱ्या रंगाचा थर देतात, त्यावर रंगीत शाया, आणि सगळ्यात वर पारदर्शक वार्निश. दर वेळी पत्रा भट्टीतून नेऊन थर पक्का भाजतात. हा थर चिवट हवा, कारण पुढे पत्रा वाकणार आहे. थर कडक झाला असेल तर वाकवताना त्याला बारीक तडे जातात.

मग पत्रा कापतात. आपल्या डब्याचा घेर साडेएकतीस सेंटीमीटरच्या आसपास, तर पट्टी त्याहून साधारण एक सेंटीमीटर जास्त लांब घेतात. ती जास्तीची लांबी उभ्या सांध्यात जाते. पट्टीच्या दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांनी आकडे वाकवायचे, पट्टी गोल करायची, आकडे एकमेकांत अडकवायचे आणि ठोकून सपाट करायचे. आपण दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत गुंतवतो, तसंच. त्या जागी पत्र्याचे चार पदर येतात. हात फिरवलात तर लागेल. चित्रही तिथे किंचित तुटतं, वेलाचं पान अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

राहिली कड. कापलेल्या पत्र्याच्या धारेवर कथील नसतं, उघडं पोलाद असतं. ती धार बोट कापते, गंजते आणि पत्रा लवचीक असल्याने वाकतेही. या तिन्हींवर एकच उपाय म्हणजे धार गोल आत वळवून टाकायची. आमच्या डब्यात अंगाची वरची धार आतल्या बाजूला वळवलेली आहे, म्हणजे झाकण वरून सरकन बसतं. झाकणाची खालची धार बाहेर वळवलेली आहे, तिला नख लावून झाकण उघडता येतं. वळलेली कड म्हणजे एक बारीक पोकळ नळीच झाली, आमच्या मोजमापाने दोन मिलिमीटरची. पाव मिलिमीटरचा पत्रा हाताने सहज दबतो, पण ही नळी दबत नाही. सगळा गोलपणा तिने धरून ठेवलेला असतो.

इतकं झाल्यावर आता खिडकीकडे वळू.

डब्यावर पडलेल्या प्रकाशाचं दोन प्रकारे परावर्तन होतं. एक भाग वार्निशमधून आत जातो, शाईच्या कणांत इकडेतिकडे आपटतो, काही रंग तिथेच शोषले जातात आणि उरलेला प्रकाश सगळ्या दिशांना बाहेर पडतो. डबा निळा दिसतो तो या भागामुळे. कुठूनही बघा, निळा तो निळाच. दुसरा भाग आत जातच नाही. वार्निशच्या वरच्या पृष्ठभागावरून आरशासारखा, आला त्याच कोनात परत फिरतो. समोरून पाहिलं तर हा भाग शेकडा चारच्या आसपास असतो. अगदी तिरकं पाहिलं तर तो वाढत जातो. खिडकी स्वतः इतकी उजळ असते, की तिचे चार टक्केही निळ्या छपाईच्या मानाने भारी पडतात. म्हणजे लकेर ही दुसरीतिसरी काही नसून खिडकीचं प्रतिबिंब आहे. गोल आरशात दाबलं जाऊन ते अरुंद झालेलं आहे, एवढंच.

किती अरुंद? हिशेब सोपा आहे. खिडकी एक मीटर रुंद आणि डब्यापासून दोन मीटरवर असेल, तर डब्याकडून पाहता ती सुमारे अठ्ठावीस अंशांचा कोन व्यापते. आरसा एक अंश वळला की परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणून अख्खी खिडकी दिसायला डब्याच्या गोलाईचे चौदा अंशच पुरतात. पाच सेंटीमीटर त्रिज्येच्या गोलाईवर चौदा अंश म्हणजे साधारण सव्वा सेंटीमीटर. टेपने मोजून पाहा, लकेर तेवढीच भरते. आता हाच हिशेब वळलेल्या कडेला लावा. तिची आडव्या छेदातली त्रिज्या एक मिलिमीटर; चौदा अंश म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणून अंगावर पट्टा दिसतो आणि कडेवर मात्र रेशमाचा धागा ताणल्यासारखी बारीक उजळ रेघ. खिडकी एकच, पत्रा एकच, वार्निश एकच. फरक फक्त गोलाईचा. आपला डोळा हे हिशेब न करता वाचतो. रुंद लकेर म्हणजे सौम्य गोलाई, बारीक लकेर म्हणजे तीव्र गोलाई. हात न लावता आपल्याला कळतं की डबा गोल आहे आणि कड वळलेली आहे.

त्या उजळ रेघेच्या खालीच एक काळी रेघ दिसते पाहा. झाकण आणि अंग यांच्यामधली ती फट. तिथे प्रकाश आत शिरतो, पण बाहेर येत नाही, म्हणून काळी. डबा हळूहळू फिरवा. काळी रेघ सगळीकडे सारखी जाड राहिली तर झाकण सरळ बसलं आहे. एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला नाहीशी झाली तर झाकण तिरकं आहे किंवा कड दबली आहे. हे चहाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. कारखान्यातून निघतो तेव्हा चहात साधारण तीन टक्केच ओलावा असतो आणि तो हवेतला दमटपणा ओढून घेतो. आपल्या जळगाव-धुळ्याच्या वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, पण हवा कोरडी असते. त्या दिवसांत सैल झाकणही खपून जातं. आषाढ-श्रावणात खपत नाही. पावडर मऊ पडते, वास जातो. मग आपण चहावाल्याला बोल लावतो.

आता तुम्ही घरी एक प्रयोग करा. डबा ओट्यावर ठेवा, खुर्चीवर बसून डोळे डब्याच्या उंचीला आणा. अंगावर खिडकीची लकेर दिसेल. मग उभे राहा. अंगावरची लकेर जाते आणि तिच्या जागी ओट्याचं प्रतिबिंब येतं. असं का? डब्याचं अंग हा उभा आरसा आहे. वरून खाली येणारी नजर उभ्या आरशावर आपटली तर ती पुढेही खालीच जाते, वर चढत नाही. म्हणून उभ्या माणसाला अंगात ओटा आणि फरशी दिसते. झाकणाच्या कडेवरची रेघ मात्र उभं राहिल्यावरही टिकते. कड गोल वळलेली असल्याने तिचा काही भाग आकाशाकडे तोंड करून असतो. खिडकी आणि डोळा यांच्या बरोबर मधली दिशा तिच्यावर कुठेतरी सापडतेच. चहाच्या डब्याचं चित्र काढणारे पुष्कळ जण इथे चुकतात. डबा वरून पाहिलेला काढतात आणि अंगावर लख्ख उभी खिडकी रंगवतात. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण डबा 'खोटा' वाटतो.

आता पोचा पाहू. डबा हातातून निसटला आणि अंगावर उथळ पोचा पडला. समजा, तो अर्धा मिलिमीटर खोल आहे आणि एक सेंटीमीटरच्या अंतरात उतरत गेला आहे. छपाईकडे पाहून तो कळणार नाही, वेलबुट्टी जशीच्या तशी दिसेल. पण त्या उताराने पृष्ठभाग जवळजवळ तीन अंश कलला. तीन अंश कलला म्हणजे खिडकी दिसण्याची जागा पाच सेंटीमीटरच्या गोलाईवर अडीच मिलिमीटर सरकली. अर्ध्या मिलिमीटरचा दोष लकेरीने पाचपट करून दाखवला. म्हणून लकेर सरळ आहे की नागमोडी, एवढं पाहिलं तरी पोचा सापडतो. गाडीच्या पत्र्याचे पोचे काढणारे कारागीर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा समोर धरतात आणि पत्र्याकडे न बघता पट्ट्यांच्या प्रतिबिंबाकडे बघतात, ते याचसाठी. उभ्या सांध्यावरही लकेर आणा. ती तिथे पायरीसारखी तुटते, कारण चार पदरांमुळे पृष्ठभाग एकदम वळतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना लकेर सरळ असेल तर सांधा नीट ठोकलेला आहे.

इथपर्यंत आपण लकेरीला डब्याची साक्षीदार मानलं. आता तिचीच उलटतपासणी घेऊ. लकेर आहे कुठे?

डबा हातभर अंतरावर ठेवा. एक डोळा मिटा, मग दुसरा. वेलबुट्टी जागची हलत नाही, पण लकेर सुमारे तीन मिलिमीटर उडी मारते. उजव्या डोळ्याची लकेर डब्याच्या एका जागी, डाव्या डोळ्याची दुसऱ्या जागी. आणि तुमच्या शेजारी बसलेल्याची तिसरीच. मग डब्यावर किती लकेरी आहेत? जितके डोळे तितक्या म्हणावं, तर डोळे नसताना एकही नाही. आणि ती मनातच आहे म्हणावं, तर मनातल्या गोष्टीने अर्ध्या मिलिमीटरचा पोचा अचूक कसा दाखवला?

भौतिकशास्त्राचं उत्तर असं की प्रतिबिंब पृष्ठभागावर नसतंच. बाहेर फुगलेल्या आरशात दूरच्या वस्तूची प्रतिमा पृष्ठभागाच्या मागे, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर पडते. आमच्या डब्यात, डाव्या-उजव्या दिशेपुरतं बोलायचं तर, अडीच सेंटीमीटर आत. म्हणजे जिथे चहाची पावडर आहे तिथे! दोन्ही डोळ्यांनी पाहताना मेंदूला हा मागेपणा जाणवतो. अँड्र्यू ब्लेक आणि हाइनरिख ब्यूल्टहोफ या दोघांनी 1990 मध्ये नेचर या नियतकालिकात या विषयावर प्रयोग मांडले. फुगीर पृष्ठभागाच्या चित्रात चमक जिथे पडायला हवी तिथे, म्हणजे पृष्ठभागाच्या मागे दाखवली, तर तो पृष्ठभाग लोकांना चकचकीत वाटत होता. परावर्तनाचे नियम न शिकलेल्या माणसाचे डोळेही त्या नियमांना धरूनच बघतात.

आमचं म्हणणं असं. निळा रंग डब्याचा गुण आहे, असं व्यवहारात बोलायला हरकत नाही. लकेर मात्र कोणा एकाचा गुण नाही. ती खिडकी, पत्रा आणि डोळा या तिघांचा संबंध आहे. तिघांपैकी कोणीही हललं की ती हलते. संबंध आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. 'धुळ्याहून अमळनेर जवळ आहे' यातला जवळपणा धुळ्यातही नाही आणि अमळनेरातही नाही, तरी बसचं तिकीट खरंच कमी लागतं.

अमळनेरचं नाव आलं म्हणून सांगतो. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात, प्रताप शेठजींच्या आश्रयाने 1916 साली उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत, भ्रम आणि अज्ञान यांवर मोठा खल झालेला आहे. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचं 'अज्ञान' हे इंग्रजी पुस्तक 1933 मध्ये निघालं, ते याच परंपरेतलं. अद्वैत्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे शुक्तिरजत. समुद्रकाठची शिंपी पाहून माणूस 'चांदी!' म्हणतो. सतराव्या शतकातल्या धर्मराजाध्वरींद्रांनी वेदान्तपरिभाषेत या भ्रमाचा क्रम लावला आहे आणि त्यात एक शब्द वापरला आहे, चाकचिक्य. म्हणजे चकाकी. डोळ्याला आधी 'हे' आणि चकाकी एवढंच मिळतं. चांदीचं साम्य त्या चकाकीने जागं होतं आणि बाकीचं अज्ञान करतं. म्हणजे भ्रमाचं दार उघडतं ते चमकेमुळे.

आमच्या डब्यावर शिंपीचा भाऊ बसला आहे, ती सोनेरी वेलबुट्टी. जळगावच्या माणसाला सोनं ओळखायला शिकवण्याची हिंमत आम्ही करणार नाही, पण या सोन्याकडे नीट पाहा. निळ्या भागावर लकेर आणली तर ती पांढरी दिसते, खिडकीच्या रंगाची, कारण ती रंगहीन वार्निशच्या पृष्ठभागावरून परतते. वेलबुट्टीवर आणली तर ती पिवळी होते. खऱ्या सोन्याचीही चमक पिवळीच असते. धातू स्वतःच प्रकाशातला निळा भाग खातो. मग वेलबुट्टी सोन्याची का? नाही. तिथे छपाई करणाऱ्याने पांढरा थर दिलेलाच नाही. उघड्या कथिलावर सरळ पारदर्शक पिवळं वार्निश दिलं आहे. प्रकाश पिवळ्यातून आत जातो, कथिलावरून आरशासारखा फिरतो आणि पुन्हा पिवळ्यातून बाहेर येतो. पांढऱ्या थरावर तीच पिवळी शाई छापली असती, तर ती हळदीसारखी दिसली असती, सोन्यासारखी नाही. डबा तिरका करा. हळदी पिवळा कुठूनही पिवळा राहतो, हा सोनेरी मात्र प्रकाशाकडून तोंड फिरवलं की काळपट होतो. आणि एखादा ओरखडा शोधा. त्यात पांढरा धातू दिसला की भ्रम संपला. चकाकीने भ्रम निर्माण केला, आणि तो बाधित झाला तोही अधिक पाहण्यानेच.

आता घरातल्या भांडणाकडे परत येऊ. लकेर मऊ किंवा धूसर होण्याची कारणं तीन, कारण संबंधातले भागीदार तीन. पहिलं, प्रकाश. उघडा दिवा लहान असतो, त्याची लकेर धारदार. ढगाळ दिवशीची रुंद खिडकी किंवा पातळ पडदा यांची लकेर मऊ. दुसरं, पृष्ठभाग. वार्निश घासून खरखरीत झालं असेल, किंवा मुळातच मंद चमकेचं असेल, तर प्रत्येक किरण थोडा इकडे, थोडा तिकडे फेकला जातो आणि लकेरीच्या कडा विरघळतात. तिसरं, डोळा.

तिघांना वेगळं कसं करायचं? रात्री खोलीत एकच छोटा दिवा लावा. लकेर धारदार झाली तर दिवसा दिसलेली मऊपणा खिडकीची होती. तरीही धूसर राहिली तर पेन्सिलीचं टोक डब्याला टेकवा आणि तिचं प्रतिबिंब पाहा. खरखरीत पृष्ठभागातही टेकलेल्या टोकाचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं आणि पेन्सिल जसजशी लांब न्यावी तसतसं ते पुसट होतं. दोष पृष्ठभागाचा असला तर हा फरक दिसतो. पण प्रतिबिंबाबरोबर खुद्द पेन्सिलही, दिव्याची ज्योतही, रस्त्यावरचे मोटारींचे दिवेही पसरलेले दिसत असतील, तर डब्याला सोडून द्या. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे तोच डबा, तोच प्रकाश, पण दुसरा डोळा. शेजारच्या माणसाला विचारा.

आम्हाला ती परीक्षा विचारण्याआधीच मिळाली होती. सौभाग्यवतींना लकेर धारदार दिसत होती, आम्हाला धूसर. खिडकी एक, डबा एक, उरलं काय? पण आम्ही त्यांची साक्ष अप्रमाण मानली, कारण आपला डोळा साधन आहे हे पाहताना आठवत नाही. साधनातला दोष नेहमी वस्तूवर जाऊन बसतो. धर्मराजाध्वरींद्रांच्या त्याच वाक्यात भ्रम होणाऱ्या माणसाचं एक विशेषण आहे, ज्याचे डोळे काच, कामला इत्यादी दोषांनी दूषित आहेत असा. काच हा नेत्ररोग. हे वाक्य आम्ही वर्गात किती वर्षं फळ्यावर लिहिलं, त्याची गणती नाही.

शेवटी रात्री समोरून येणाऱ्या मोटारींभोवती प्रभावळी दिसू लागल्या तेव्हा जळगावात डोळे दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू. नैसर्गिक भिंग गढूळ झालं की आत येणारा प्रकाश विखुरतो; उजळ वस्तूभोवती धुकं पसरतं आणि लकेर तर मुळातच उजळ वस्तू. भिंग पिवळटही होतं, म्हणून निळा रंग मळकट दिसतो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची व्हायची होती, त्या मधल्या पंधरवड्यात आम्ही हा डबा समोर घेऊन बसलो. एक डोळा मिटला की निळा डबा, धारदार लकेर. दुसरा मिटला की करडा डबा आणि धुकट लकेर. मघाच्या प्रयोगात दोन डोळ्यांच्या लकेरी जागेने वेगळ्या होत्या. इथे रंगाने आणि धारेनेही वेगळ्या. डब्यावर घासणीचा एकही ओरखडा नव्हता.

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता डबा भरून ठेवा, चहा संपलाय." तेवढ्यावर ते मिटलं. हा डबा आता पुढच्या रांगेत फिरवू. प्रत्येकाने आपली लकेर कुठे पडते ते शेजाऱ्याला बोटाने दाखवावं, आणि मग प्रश्न विचारावेत.